परत आलेल्या पार्सलचं भाडं: एका पत्राच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: कुरिअर कंपनीकडून भाडं परत मिळवण्याचं पत्र
ठिकाण: दांडिया बाजार, बडोदे

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

शेजारच्या अण्णांचं पार्सल काल संध्याकाळी परत आलं. आत तबला-डग्ग्याची जोडी आहे. साताऱ्याला त्यांच्या बहिणीच्या नातवाने शिकायला सुरुवात केली, म्हणून अण्णांनी नवी पुडी, म्हणजे वरचं कातडं, बसवून, स्वतः सुरात लावून पाठवली होती. जोडीला काही झालेलं नाही, तेवढं बरं. पण शाखेतल्या माणसाने खोकं हातात देण्याआधी परतीचं भाडं मागितलं: १,२७४ रुपये, जातानाच्या भाड्याइतकंच. पार्सल जिथून निघालं तिथेच आलं आणि अण्णांचे २,५४८ रुपये खर्ची पडले.

मी सोबत होते. पैसे भरल्याशिवाय पार्सल सोडणार नाही, असं शाखेने स्पष्ट सांगितलं. वाद घालून खोकं त्यांच्या दमट गोदामात आणखी आठवडाभर ठेवणं परवडणारं नव्हतं. ओल लागली की पुडी उतरते. म्हणून पैसे भरायला लावले, पण पावतीच्या दोन्ही प्रतींवर अण्णांनी ‘हरकत राखून भरले’ असं लिहून तारखेसह सही केली. हे शब्द नसते तर परतीचं भाडं राजीखुशीने दिलं, असं कंपनीला म्हणता आलं असतं. कारकुनाला ते आवडलं नाही, तरी त्याने त्याच्या प्रतीवर शिक्का मारला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसातून आल्यावर कागद लावले. बुकिंगची पावती (शाखेत तिला ‘डॉकेट’ म्हणतात), जीएसटीचं बिल, परतीची पावती, आणि खोक्यावर चिकटवलेल्या लेबलचा फोटो. लेबल मुद्दाम आज काढलं नाही. पत्ता नीट छापला होता की नाही, याचा तो एकमेव पुरावा आहे. परत आलेलं खोकं लोक आधी फाडून टाकतात आणि मग कंपनी ‘पत्ता अपुरा होता’ म्हणते, तेव्हा दाखवायला हातात काही उरत नाही. लेबलवर इमारतीचं नाव, मजला, पिनकोड आणि मोबाइल, सगळं आहे आणि बरोबर आहे.

अण्णांचा एक प्रश्न होता: जोडीचं वजन आठ किलोच्या आसपास, मग बिलात १८ किलो कसे? हे मात्र नियमाप्रमाणे आहे. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. खोकं ५५ × ४० × ४० सेंटीमीटरचं आहे. गुणाकार ८८,००० येतो, त्याला या कंपनीच्या दरपत्रकातल्या ५,००० ने भागलं की १७.६, म्हणजे पुढचा पूर्ण किलो १८. किलोला ५० प्रमाणे ९०० रुपये, त्यावर इंधन अधिभार २० टक्के म्हणजे १८०, एकूण १,०८०; १८ टक्के जीएसटी १९४.४०. बिल १,२७४ चं. आकडे जुळतात, त्यामुळे वजनाची तक्रार पत्रात घालायची नाही. जिथे कंपनीची बाजू बरोबर आहे तिथे आपण बोट ठेवलं, तर बाकीचं म्हणणंही तसंच असेल असं वाचणाऱ्याला वाटतं.

पॅकिंगचे १५० रुपये वेगळ्या पावतीवर आहेत. तेही मागायचे नाहीत. पॅकिंगचं काम झालं, जोडी त्यामुळेच सुखरूप राहिली.

३० नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस ट्रॅकिंगवर गेला, आणि सगळं प्रकरण इथेच आहे. कंपन्या जुन्या नोंदी साइटवरून काढून टाकतात, म्हणून आधी पूर्ण पान पीडीएफ करून ठेवलं. मग ओळी सावकाश वाचल्या. साताऱ्यात पोचल्यानंतरचा भाग असा:

```
15-11 10:20  Received at Satara branch
16-11 21:42  Undelivered - Door locked
18-11 21:40  Undelivered - Door locked
20-11 21:44  Undelivered - Door locked
21-11 11:05  RTO initiated
```

पहिल्या वाचनात हे साधं दिसतं: तीनदा गेले, दार बंद होतं, परत पाठवलं. पण पार्सल शाखेतून बाहेर निघतं तेव्हा डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या नावावर त्या दिवसाची यादी बनते, तिला ‘डिलिव्हरी रन शीट’ म्हणतात. पार्सल त्या यादीत चढलं की ट्रॅकिंगवर `Out for delivery` अशी ओळ येते. आमच्या पार्सलच्या नोंदीत ती ओळ एकदाही नाही. शाखेत आलं, आणि थेट ‘दार बंद’. जे पार्सल शाखेच्या बाहेर गेल्याची नोंदच नाही, ते बंद दारापर्यंत पोचलं कसं?

दुसरी खूण वेळांची. तिन्ही नोंदी रात्री पावणेदहाच्या आगेमागे. त्या वेळी कोणी वीस किलोच्या मापाचं खोकं घेऊन जिना चढत नाही. दिवसअखेर शाखेत बसून उरलेल्या पार्सलना काहीतरी कारण टाकावं लागतं, कारण कारण न टाकता पार्सल पडून राहिलं तर शाखेला वर उत्तर द्यावं लागतं. ‘दार बंद’ हे त्यातलं सगळ्यात सोयीचं कारण, कारण ते खोटं आहे हे दाखवणं पार्सल पाठवणाऱ्याला कठीण जातं. मात्र वेळेची खूण एकटी पुरेशी नाही. काही ठिकाणी मुलगा दिवसभराच्या नोंदी रात्री एकत्र चढवतो. म्हणून पत्रात मुख्य भर रन शीट नसण्यावर द्यायचा आणि वेळ फक्त सोबत सांगायची.

१ डिसेंबर, रविवार

अण्णांनी आत्याबाईंना, म्हणजे साताऱ्याच्या त्यांच्या बहिणीला, फोन लावला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, “अरे, मी पंधरा तारखेपासून घराबाहेर पडले नाही, गुडघा धरलाय. दार बंद असेल कसं?” त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण कंपनीपुढे तो फक्त शब्द. मी विचारलं, “आत्याबाई, खाली वॉचमन आहे ना? तो वही लिहितो?” लिहितो म्हणाल्या. त्यांच्या सुनेने सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून १६, १८ आणि २० तारखेच्या पानांचे फोटो पाठवले. सोळा आणि अठराला दुसऱ्या कुरिअरवाल्यांच्या वेळेसह नोंदी आहेत, आमच्या कंपनीची एकही नाही. दुसऱ्यांच्या नोंदी असणं महत्त्वाचं. वही रोज लिहिली जाते हे त्यावरून कळतं. कोरं पान असतं तर वॉचमनने लिहिलंच नाही असं म्हणता आलं असतं.

वीस तारखेचं तर वेगळंच निघालं. २० नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. बडोद्यात बसून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, सुनेने सांगितलं. ती त्या दिवशी दुपारी पार्सलची चौकशी करायला कंपनीच्या शाखेत गेली होती, शटर खाली होतं. दुसऱ्या दिवशी तिने शाखेच्या व्हॉट्सअॅपवर विचारलं, तेव्हा उत्तर आलं होतं: ‘काल मतदानाची सुट्टी होती, पार्सल आज बघतो.’ हा संदेश तिच्या फोनमध्ये अजून आहे. ज्या दिवशी शाखेला सुट्टी होती असं शाखाच लिहून देते, त्या दिवशीची डिलिव्हरीची नोंद खरी असूच शकत नाही. फोनवर चौकशी केली असती तर हा पुरावा मिळाला नसता. लेखी विचारल्याचा हा फायदा.

२ डिसेंबर, सोमवार

अण्णांनी रात्री स्वतः एक मसुदा लिहिला होता. त्यात मनस्तापाचे २५,००० रुपये, जोडीची किंमत, आणि ‘तुमच्यासारख्या लुटारूंना’ अशी सुरुवात. राग पूर्णपणे योग्य आहे. सत्तरीतल्या माणसाने स्वतः उचलून दिलेलं खोकं सोळा दिवसांनी पैसे भरून परत घ्यावं लागलं. पण मी त्यांना समजावलं की पत्र वाचणारा माणूस आधी पाहतो की हे आपल्या अधिकारात मंजूर करता येईल का. २,५४८ रुपयांचा परतावा तो मंजूर करू शकतो. २५,००० पाहिल्यावर तो ते कायदा विभागाकडे ढकलेल आणि मुद्दा थंड होईल.

शिवाय डॉकेटच्या मागे जबाबदारीची मर्यादा छापलेली आहे: नुकसान झाल्यास कंपनी अमुक रकमेपर्यंतच देणं लागते. सही केलेल्या डॉकेटवरची अशी मर्यादा बंधनकारक असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या निकालात म्हटलं आहे. पार्सल हरवलं किंवा फुटलं असतं तर ही मर्यादा आड आली असती. आमची मागणी त्या खात्यातली नाही. आम्ही वस्तूची किंमत मागत नाही. जे काम करून देण्यासाठी भाडं घेतलं आणि जे केलंच नाही, त्याचं भाडं परत मागतो. हा फरक पत्रात एका वाक्यात यायलाच हवा, नाहीतर कंपनी पहिल्याच उत्तरात मर्यादेचं कलम पुढे करेल.

डॉकेटच्या मागे आणखी एक कलम आहे: घेणारा भेटला नाही, त्याने नाकारलं किंवा पत्ता चुकीचा असला तर भाडं परत मिळणार नाही आणि परतीचं भाडं पाठवणाऱ्याने द्यायचं. हे कलम अन्यायाचं नाही. आत्याबाईंनी खरोखर पार्सल नाकारलं असतं, किंवा आम्ही मजला लिहायला विसरलो असतो, तर मी अण्णांना पत्र लिहू नका म्हटलं असतं. पण कलम लागू व्हायला कारण खरं असावं लागतं, आणि इथे ते खरं नाही. आमचं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

४ डिसेंबर, बुधवार

मसुदा पक्का. मुख्य कार्यालयात जायचा म्हणून तिकडे इंग्रजीत जाईल, पण अण्णांनी शब्दन् शब्द समजून सही करायची, म्हणून आधी मराठीत लिहिला. तो असा:

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी.*

*विषय: डॉकेट क्रमांक अमुक, बडोदे ते सातारा. पार्सल न पोचवता परत आल्यामुळे दोन्ही वेळचं भाडं परत मिळण्याबाबत.*

*महोदय, ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मी आपल्या बडोदे शाखेत वरील पार्सल घरपोच सेवेसाठी दिलं आणि १,२७४ रुपये भाडं भरलं. पार्सल १५ नोव्हेंबरला सातारा शाखेत पोचलं. त्यानंतर १६, १८ आणि २० नोव्हेंबरला ‘दार बंद’ अशी नोंद करून ते परत पाठवण्यात आलं. २७ नोव्हेंबरला परतीचे १,२७४ रुपये घेतल्यावरच ते मला देण्यात आलं. ही रक्कम मी हरकत राखून भरली आहे.*

*‘दार बंद’ ही नोंद वस्तुस्थितीला धरून नाही. आपल्याच ट्रॅकिंगमध्ये पार्सल डिलिव्हरीसाठी शाखेबाहेर गेल्याची नोंद कोणत्याही दिवशी नाही. तिन्ही नोंदी रात्री साडेनऊनंतरच्या आहेत. १६ आणि १८ तारखेला इमारतीच्या प्रवेशवहीत इतर कुरिअरच्या नोंदी आहेत, आपली नाही. २० तारखेला आपल्या सातारा शाखेला मतदानाची सुट्टी होती, असं शाखेने २१ तारखेला लेखी कळवलं आहे. पत्ता आणि मोबाइल लेबलवर पूर्ण व बरोबर आहेत. सर्व प्रती सोबत जोडल्या आहेत.*

*माझी मागणी मालाच्या नुकसानीची नाही, न दिलेल्या सेवेच्या मोबदल्याची आहे. त्यामुळे डॉकेटवरील जबाबदारीच्या मर्यादेचा इथे संबंध येत नाही. जाण्याचं व परतीचं भाडं, जीएसटीसह एकूण २,५४८ रुपये, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावं आणि क्रेडिट नोट द्यावी.*

*नोंदी खऱ्या आहेत असं आपलं म्हणणं असल्यास तिन्ही दिवसांच्या रन शीटची प्रत आणि घेणाऱ्याच्या क्रमांकावर केलेल्या कॉलची नोंद याच मुदतीत द्यावी. ही माहिती आपल्याकडेच असते. ती न दिल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) खाली सेवेतील त्रुटी म्हणून मी बडोदे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.*

शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोन आला नाही हे आत्याबाई सिद्ध करू शकत नाहीत. न घडलेल्या गोष्टीचा कागद नसतो. पण फोन केला असेल तर कंपनीकडे त्याचा कागद असतो. म्हणून सिद्ध करण्याचं ओझं मागणीच्या रूपाने तिकडे सरकवलं. २०१९ च्या कायद्यात ग्राहकाला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच धरली आहे, म्हणजे गप्प राहणंही त्यांना सोपं नाही.

डॉकेटवर ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायक्षेत्रात’ असं छापलं आहे. अण्णा त्याने धास्तावले होते. आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते (कलम ३४), मुदत दोन वर्षांची आहे, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. हे कळल्यावर त्यांनी सही शांतपणे केली.

एक अट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. व्यापारासाठी घेतलेल्या सेवेला हा कायदा सहसा लागू होत नाही. हीच जोडी एखाद्या दुकानाने गिऱ्हाइकाला पाठवली असती, तर आयोगाचा उल्लेख इतक्या सहज करता आला नसता.

५ डिसेंबर, गुरुवार

पत्र ईमेलने गेलं आणि रावपुऱ्याच्या पोस्टातून रजिस्टर्ड ए.डी.ने. ईमेल वेगाने हलतं, पण पत्र मिळाल्याची सही ए.डी.च्या कार्डावर येते आणि १५ दिवस तिथून मोजता येतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

उत्तर आलं. परतीचं भाडं ‘सद्भावना म्हणून’ परत देतो, पण जाण्याचं नाही, कारण पार्सल साताऱ्यापर्यंत नेलं, तेवढी सेवा दिली. तेही पैसे खात्यात नाही, पुढच्या बुकिंगसाठी कूपन म्हणून. जीएसटी सरकारजमा झाल्याने परत होत नाही. रन शीटबद्दल अक्षर नाही.

अण्णा म्हणाले, “निम्मे तर देतायत, घेऊन टाकू का?” मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही परत कधी यांच्याकडे पार्सल देणार आहात का?” ते हसले नाहीत, नुसती मान हलवली. कूपन घेतलं की तक्रार मिटल्याची नोंद होते आणि पैसे कंपनीतच राहतात.

१४ डिसेंबर, शनिवार

दुसरं पत्र, मुद्दाम लहान. तीनच गोष्टी सांगितल्या. डॉकेटवर ‘घरपोच’ या खान्यात खूण आहे. करार साताऱ्याच्या शाखेपर्यंतचा नव्हता, आत्याबाईंच्या दारापर्यंतचा होता, आणि शाखेत पोचून परत फिरलेल्या पार्सलचा पाठवणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सेवा त्रुटीची ठरली तर कंपनी क्रेडिट नोट काढून तो कर आपल्या देण्यातून कमी करू शकते; नोव्हेंबर २०२४ च्या बिलासाठी त्याला ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत वाव आहे. आणि रन शीट मागूनही दिलेली नाही, याची नोंद घ्यावी.

हा जीएसटीचा मुद्दा माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून लगेच दिसला. बहुतेक लोक ‘कर सरकारजमा झाला’ हे वाक्य ऐकून सोडून देतात आणि दर हजाराला १८० रुपये नाहक सोडतात.

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. पण त्यामुळे फाइल शाखेच्या हातातून वरच्या माणसाकडे जाते, आणि पुढे आयोगात गेलो तर आधी समजुतीने प्रयत्न केल्याचा तो कागद ठरतो. तक्रार क्रमांक दुसऱ्या पत्राच्या ईमेलमध्ये घातला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन. त्यांनी रन शीट पाहिल्याचं सांगितलं; तिन्ही दिवसांच्या याद्यांत हे डॉकेट नव्हतं. मी त्यांना विनंती केली की हे ईमेलवर लिहा. त्यांनी ‘अंतर्गत चौकशीनुसार डिलिव्हरीचा प्रयत्न सिद्ध होत नाही’ असं लिहून पाठवलं. दोन्ही भाडी खात्यात देणार, कूपन नाही.

३० डिसेंबर, सोमवार

अण्णांच्या खात्यात २,५४८ रुपये जमा. क्रेडिट नोटा दोन, प्रत्येकी १,०८० अधिक कर १९४.४०, पैसे सोडून रक्कम बिलाशी जुळते. मूळ बिलांचे क्रमांक नोटांवर आहेत, ते तपासले. हेल्पलाइनवरची तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद करायला होकार दिला. पैसे खात्यात दिसेपर्यंत तो मुद्दाम दिला नव्हता.

जोडी आता अण्णांचा पुतण्या १२ जानेवारीला पुण्याला जाताना गाडीतून नेणार आहे. तिथून साताऱ्याची सून येऊन घेईल. मूळ डॉकेट आणि खोक्यावरचं लेबल फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.